मेंटेनन्समधला तुमचा टक्का कसा निघतो: नव्या फ्लॅटधारकांसाठी सचिवांची सूचना

सप्रेम नमस्कार,

आपल्या इमारतीत अलीकडे काही घरे नव्या मालकांकडे आली आहेत. पहिले बिल हातात पडले की बहुतेकांचा प्रश्न सारखाच असतो: शेजारच्या घराला कमी आणि मला जास्त का? काहींना उलट वाटते की आपल्याला कमी आले, म्हणजे पुढे काहीतरी फरक निघणार. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर कागदावर आहे. व्यवस्थापक मंडळाने सांगितले म्हणून कोणी बिल भरावे, अशी माझी अपेक्षा नाही. स्वतः गुणाकार करून आकडा जुळला की भरावे. तो कसा करायचा, ते या सूचनेत क्रमाने लिहिले आहे.

आधी आपली संस्था कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा

रोजच्या बोलण्यात आपण सगळेच ‘सोसायटी’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र महाराष्ट्रात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि खर्चवाटपाचा नियमही दोन्हींत वेगळा आहे. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिली व्यवस्था सहकारी गृहनिर्माण संस्थेची. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. इमारत संस्थेच्या मालकीची असते, राहणारा तिचा सभासद असतो आणि त्याच्याकडे भागदाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असते. या संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये प्रत्येक खर्चाची वाटणी वेगवेगळी दिलेली आहे. पहारेकरी, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च हे सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना समान. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. तुम्ही आधी अशा संस्थेत राहत असाल, तर ‘मेंटेनन्स सगळ्यांना सारखा’ हा तुमचा अनुभव खरा आहे.

दुसरी व्यवस्था अपार्टमेंटची, म्हणजे कॉन्डोमिनियमची. तिला महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू होतो. इथे फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा असतो. त्याच्यासोबत जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची, टाक्या अशा सामाईक भागांत तुमचा ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. भागदाखला नसतो. त्याऐवजी नोंदणी केलेले डीड ऑफ अपार्टमेंट असते आणि सगळ्या इमारतीचे मिळून एक घोषणापत्र असते, ज्याला व्यवहारात डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात. या कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च त्याच टक्क्यांनी वाटायचा असतो.

आपली इमारत दुसऱ्या प्रकारची आहे. दारावरच्या पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी घोषणापत्र १९७० च्या कायद्याखाली नोंदलेले आहे, म्हणून आपल्याकडे समान वाटणी नाही. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका कॉन्डोमिनियमच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर हाच वाद आला होता. मोठ्या फ्लॅटच्या मालकांचे म्हणणे होते की आकारणी सर्वांना समान असावी. न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणातली आकारणी कायम राहिली.

तेव्हा तुमच्या खरेदीच्या फाइलमध्ये डीड ऑफ अपार्टमेंट आहे की भागदाखला, एवढे आधी पाहून घ्यावे. ही सूचना वाचणाऱ्या एखाद्याचे दुसरीकडेही घर असेल आणि तिथे भागदाखला असेल, तर पुढची पद्धत तिथल्या बिलाला लावू नये. आकडे जुळणार नाहीत आणि विनाकारण भांडण होईल.

टक्का कुठून येतो

तुमचा टक्का मंडळ ठरवत नाही आणि सभासदांची सभाही ठरवत नाही. तो घोषणापत्राच्या परिशिष्टात तुमच्या फ्लॅटच्या क्रमांकासमोर छापलेला आहे. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे हा टक्का कायमस्वरूपी असतो. तो बदलायचा तर इमारतीतल्या सर्व फ्लॅटमालकांची संमती लागते आणि सुधारित घोषणापत्र करून त्याची नोंदणी करावी लागते. बहुमताच्या ठरावाने तो बदलता येत नाही. ‘सभेत हात वर करून समान करून टाकू’ अशी सूचना अधूनमधून येते, ती या कारणाने मंडळाला विषयपत्रिकेवर घेता येत नाही.

कलम ६ मध्ये टक्क्याचा पाया म्हणून क्षेत्रफळाचा नव्हे, मूल्याचा उल्लेख आहे: तुमच्या फ्लॅटचे मूल्य भागिले संपूर्ण मालमत्तेचे मूल्य. मात्र आपल्यासारख्या फक्त राहत्या घरांच्या इमारतीत सर्व फ्लॅटचा चौरस फुटाचा दर सारखा धरला जातो. दर सारखा असेल तर मूल्याचा टक्का आणि क्षेत्रफळाचा टक्का एकच निघतो. आपल्या परिशिष्टातले आकडे असेच क्षेत्रफळावरून काढलेले आहेत. खाली दुकाने आणि वर घरे असलेल्या इमारतीत दुकानाचे मूल्य जास्त धरलेले असू शकते. तिथे फक्त फूटपट्टी घेऊन टक्का तपासायला गेलात तर उत्तर चुकेल.

आपल्या इमारतीत एकूण २२ फ्लॅट आहेत. एक बेडरूमचे ८, प्रत्येकी ५०० चौरस फूट. दोन बेडरूमचे ८, प्रत्येकी ७५० चौरस फूट. तीन बेडरूमचे ६, प्रत्येकी १,००० चौरस फूट. बेरीज केली तर ४,००० अधिक ६,००० अधिक ६,०००, म्हणजे १६,००० चौरस फूट होते. आता भागाकार करायचा:

एक बेडरूम: ५०० ÷ १६,००० × १०० = ३.१२५ टक्के
दोन बेडरूम: ७५० ÷ १६,००० × १०० = ४.६८७५ टक्के
तीन बेडरूम: १,००० ÷ १६,००० × १०० = ६.२५ टक्के

आठ फ्लॅटचे ३.१२५ म्हणजे २५ टक्के, आठांचे ४.६८७५ म्हणजे ३७.५ टक्के आणि सहांचे ६.२५ म्हणजे पुन्हा ३७.५ टक्के. एकूण बरोबर १००. ही बेरीज १०० आली नाही तर पुढचे काहीच तपासण्यात अर्थ नसतो.

दशांश चिन्हानंतरचे आकडे पाहून काहींना वाटते की दोन स्थळांपर्यंतच ठेवावे, वाचायला सोपे जाते. तसे केले तर ३.१३, ४.६९ आणि ६.२५ होतात आणि बेरीज १००.०६ येते. ८०,००० रुपयांच्या खर्चावर दरमहा ४८ रुपये जास्त गोळा होतील. रक्कम लहान आहे, पण ती फक्त लहान आणि मध्यम घरांकडून येते, मोठ्या घरांकडून नाही. म्हणून आपण चार स्थळे ठेवतो आणि पूर्णांक करायचाच तर शेवटी बिलाच्या रुपयांत करतो, टक्क्यात नाही.

कोणते क्षेत्रफळ धरायचे

प्रत्येकाच्या कागदात क्षेत्रफळाचे दोन-तीन आकडे असतात. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा चटई क्षेत्रात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, फक्त त्या घराची असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची मात्र धरत नाहीत. बांधीव क्षेत्रात भिंती आणि बाल्कनी येतात. सेलेबल किंवा सुपर बिल्ट-अप क्षेत्रात जिना, लॉबी वगैरेंचा भाग चढवलेला असतो आणि तो किती चढवायचा हे विक्रेत्याने ठरवलेले असते.

टक्क्यासाठी यातले कोणते क्षेत्रफळ धरले, यापेक्षा सगळ्यांना तेच धरले का, हे महत्त्वाचे आहे. सर्व घरांवर सारखाच एक तृतीयांश भाग चढवला तर वरचा आकडाही वाढतो, खालचाही वाढतो आणि टक्का तोच राहतो. गोंधळ होतो तो सरमिसळ झाल्यावर. समजा दोन बेडरूमच्या एका घरासाठी चुकून सेलेबल १,००० चौरस फूट धरले आणि बाकी सगळ्यांचे चटई क्षेत्र धरले. एकूण बेरीज १६,२५० होईल आणि त्या घराचा टक्का ४.६८७५ ऐवजी सुमारे ६.१५ होईल. ८०,००० रुपयांच्या खर्चावर त्याचे बिल ३,७५० ऐवजी जवळपास ४,९२३ येईल. म्हणजे एका चुकीच्या नोंदीपायी दरमहा जवळपास १,१७३ रुपये जास्त. बाकी सगळ्यांचे बिल किंचित कमी झालेले असल्यामुळे तक्रार कोणीच करत नाही. अशी चूक वर्षानुवर्षे टिकते ती यामुळेच. एकूण जमा बरोबर दिसते, त्यामुळे हिशेब तपासतानाही ती सहज नजरेतून सुटते.

बाल्कनी खोलीत घेतली तर टक्का वाढतो का, असे विचारले जाते. नाही. घोषणापत्रातला आकडा तसाच राहतो. बाल्कनी बंद करण्याची परवानगी होती की नाही हा वेगळा विषय आहे. तो महानगरपालिकेच्या नियमांचा आहे, मेंटेनन्सचा नाही.

महिन्याचा खर्च कसा जमवतो

आता टक्क्याने ज्याला गुणायचे ती रक्कम. समजायला सोपे जावे म्हणून पूर्ण आकड्यांत एक महिना मांडतो:

पहारेकरी, दोन्ही पाळ्या: ३६,००० रुपये
सफाई आणि कचरा: १४,००० रुपये
जिना, पार्किंग, पंप आणि लिफ्टची वीज: ११,००० रुपये
किरकोळ दुरुस्ती, प्लंबर, इलेक्ट्रिशियन: ७,००० रुपये
लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, बारावा हिस्सा: ६,००० रुपये
हिशेबनीस आणि लेखापरीक्षण: ४,००० रुपये
इमारतीचा विमा, बारावा हिस्सा: २,००० रुपये

एकूण ८०,००० रुपये.

लिफ्टचा करार आणि विमा हे वर्षातून एकदाच भरायचे खर्च आहेत. तरी ते बारा भागांत वाटून दरमहा घेतो, म्हणजे ज्या महिन्यात हप्ता भरायचा त्या महिन्यात कोणाच्या बिलात अचानक उडी दिसत नाही. नव्या मालकांना याचा आणखी एक उपयोग आहे: वर्षाच्या मध्यावर घर घेतले तर तुमच्या वाट्याला तुमच्याच महिन्यांचा भाग येतो.

काही गोष्टी या यादीत मुद्दाम नाहीत. मालमत्ता कर महानगरपालिका प्रत्येक फ्लॅटच्या नावाने स्वतंत्र आकारते, तो तुम्ही थेट भरता. घराच्या आतली वीज तुमच्या मीटरवर आहे. घरातल्या नळाची गळती हा सामाईक खर्च नाही, पण भिंतीतून सर्व मजल्यांना जाणारी मुख्य पाइपलाइन हा आहे. उशिरा भरलेल्या बिलावरचे व्याज ज्याने उशीर केला त्याच्याच खात्यावर पडते, टक्क्याने वाटले जात नाही.

बिल काढून पाहा

समजा तुम्ही दोन बेडरूमचे घर घेतले आहे. ८०,००० × ४.६८७५ ÷ १०० = ३,७५० रुपये. एक बेडरूमला २,५०० आणि तीन बेडरूमला ५,००० येतात. उलट तपासणी: आठ घरांचे २,५०० म्हणजे २०,०००, आठांचे ३,७५० म्हणजे ३०,०००, सहांचे ५,००० म्हणजे ३०,०००. बेरीज ८०,०००. जेवढा खर्च, तेवढीच वसुली.

याहून झटपट तपासणीही आहे. बिलाची रक्कम आपल्या क्षेत्रफळाने भागा: ३,७५० ÷ ७५० = ५ रुपये प्रति चौरस फूट. आता शेजाऱ्यांचे बिल त्यांच्या क्षेत्रफळाने भागा. तिथेही ५ च यायला हवेत. वेगळा आकडा आला तर दोघांपैकी एका नोंदीत चूक आहे, हे निश्चित. यासाठी घोषणापत्राचीही गरज नाही, दोन बिले पुरतात. थकबाकी किंवा व्याज मिसळलेले असेल तर ते आधी वजा करून मग भागा.

ज्यांना संपूर्ण तक्ता संगणकावर पडताळायचा आहे त्यांच्यासाठी: C स्तंभात दुसऱ्या ओळीपासून २२ फ्लॅटची क्षेत्रफळे भरा आणि D स्तंभात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा.

```
=C2/SUM(C$2:C$23)
```

यातली डॉलरची चिन्हे विसरू नका. ती नसतील तर सूत्र खाली ओढताना बेरजेचा पल्लाही खाली सरकतो, छेद लहान होत जातो आणि खालच्या ओळींतल्या फ्लॅटचा टक्का फुगतो. शेवटच्या फ्लॅटचा तर थेट १०० टक्के दिसतो. D स्तंभाची बेरीज १ आली पाहिजे, तेव्हाच तक्ता बरोबर समजावा.

न विकलेले आणि बंद असलेले फ्लॅट

नव्या इमारतींत सर्वाधिक नुकसान करणारी चूक ही आहे, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो. समजा तीन बेडरूमचे दोन फ्लॅट अजून विकले गेलेले नाहीत. ते कोणी राहत नाही म्हणून तक्त्यातून गाळले, तर एकूण क्षेत्र १६,००० ऐवजी १४,००० धरले जाते. दोन बेडरूमच्या घराचा टक्का ५.३५७ होतो आणि बिल ३,७५० ऐवजी सुमारे ४,२८६ येते. म्हणजे विकासकाचा वाटा बाकीचे वीस फ्लॅट भरत राहतात. न विकलेल्या फ्लॅटचा मालक विकासकच असतो, त्यामुळे त्या टक्क्याचे बिल त्याच्या नावाने निघायला हवे. तुमच्या बिलावरचा दर प्रति चौरस फूट अपेक्षेपेक्षा जास्त वाटला, तर छेदात किती फ्लॅट धरले आहेत हे सर्वांत आधी विचारा.

बंद घरांचेही तसेच. मालक परदेशी असो किंवा घर भाड्याने न देता रिकामे ठेवलेले असो, टक्का बदलत नाही. सामाईक सुविधा वापरत नाही म्हणून किंवा घर सोडून दिले म्हणून खर्चातून सुटका होणार नाही, असे १९७० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तळमजल्यावरच्या रहिवाशांचा लिफ्टबद्दलचा प्रश्न याच उत्तरात बसतो. त्यांनी लिफ्टचे बटण कधीच दाबले नसेल, तरी लिफ्ट हा त्यांच्याही मालकीचा सामाईक भाग आहे.

याच ओघात एक प्रांजळ गोष्ट. पहारेकरी मोठ्या घराकडे जास्त वेळ पाहतो असे नाही आणि छोट्या घरात जास्त माणसे राहत असतील तर जिना तेच जास्त वापरतात. समान वाटणी मागणाऱ्यांचा हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. पण वापर मोजायला लागलो तर प्रत्येक घरातली माणसे, पाहुणे, गाड्या, लिफ्टच्या फेऱ्या मोजाव्या लागतील आणि दर महिन्याला नवा वाद होईल. अपार्टमेंटच्या कायद्याने वापर सोडून मालकी हा पाया धरला. उद्या सामाईक जागेवरून काही उत्पन्न आले, उदाहरणार्थ गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचे भाडे, तर तेही याच टक्क्यांनी वाटले जाते. ज्याचा खर्चातला वाटा मोठा, त्याचा नफ्यातलाही मोठा.

वर्षअखेरचा फरक आणि मोठी कामे

दर महिन्याचे बिल अंदाजपत्रकावरून काढलेले असते. एप्रिल ते मार्च या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे नंतर हाती येतात. समजा वर्षभरात १२ × ८०,००० म्हणजे ९,६०,००० रुपये जमले आणि उन्हाळ्यातल्या टँकरमुळे खर्च १०,०८,००० झाला. तूट ४८,००० रुपयांची. ती पुन्हा त्याच टक्क्यांनी: एक बेडरूमला १,५००, दोन बेडरूमला २,२५०, तीन बेडरूमला ३,०००. शिल्लक राहिली तर याच प्रमाणात पुढच्या बिलातून वजा होते. तूट सर्वांना समान आणि मासिक बिल टक्क्याने, असे मिश्रण कुठे दिसले तर हरकत घ्या.

कोणी बिल थकवले म्हणून मात्र ती रक्कम बाकीच्यांवर टक्क्याने चढवली जात नाही. ती तूट नाही, येणे आहे. हिशेबात ती थकबाकीदाराच्या नावावरच दिसली पाहिजे. थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा कायद्याने त्याच फ्लॅटवर असतो.

मोठ्या कामांत टक्क्याचा फरक खरा जाणवतो. बाहेरचा रंग आणि भेगा भरण्याचे काम ८,००,००० रुपयांचे निघाले तर एक बेडरूमच्या वाट्याला २५,०००, दोन बेडरूमला ३७,५०० आणि तीन बेडरूमला ५०,००० येतात. मासिक बिलातली बाराशे रुपयांची तफावत माणूस सोडून देतो, इथली सोडवत नाही. तुमच्या टक्क्याबद्दल शंका असेल तर असे काम निघण्याची वाट पाहू नका, आत्ताच विचारा. पैसे खर्च झाल्यावर चूक दुरुस्त करायची तर बावीस घरांचे हिशेब पुन्हा फिरवावे लागतात.

घर घेताना जुन्या मालकाचे येणे

हा मुद्दा ज्यांचा व्यवहार अजून पूर्ण झालेला नाही त्यांच्यासाठी. फ्लॅट विकला गेला की विक्रीपर्यंतच्या थकलेल्या सामाईक खर्चाला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात. घेणाऱ्याला ती रक्कम विकणाऱ्याकडून नंतर वसूल करण्याचा हक्क आहे, पण ते काम त्याच्या गळ्यात पडते. म्हणून खरेदीखताआधी व्यवस्थापक मंडळाकडून येणे रकमेचे लेखी पत्र मागून घ्या. तुम्हाला ते मिळण्याचा हक्क आहे आणि त्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त जुनी थकबाकी तुमच्याकडून मागता येत नाही. दलालाने तोंडी ‘सगळे क्लिअर आहे’ सांगितले, यावर विसंबू नका. पत्रात कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब आहे आणि वर्षअखेरचा फरक त्यात धरला आहे का, हे दोन तपशील नक्की वाचा.

शंका कशी मांडावी

शंका लेखी द्यावी आणि सोबत तीन कागद जोडावेत: चालू महिन्याचे बिल, डीड ऑफ अपार्टमेंटमधले टक्का लिहिलेले पान आणि तुम्ही केलेला भागाकार. घोषणापत्राची प्रत कार्यालयात पाहायला मिळेल. त्याची नोंदणी झालेली असल्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातूनही नक्कल काढता येते, आमच्या प्रतीवरच विश्वास ठेवायला हवा असे नाही. खर्चाची मूळ बिले आणि व्हाउचर पाहायची असतील तर खजिनदारांना आधी सांगून वेळ ठरवावी.

तक्त्यातली क्षेत्रफळाची किंवा टक्क्याची नोंद घोषणापत्राशी जुळत नसेल तर ती मंडळ दुरुस्त करील आणि जास्त घेतलेली रक्कम तुमच्या खात्यावर जमा दाखवील. घोषणापत्रातला टक्काच तुम्हाला चुकीचा वाटत असेल तर ते मंडळाच्या हातात नाही. त्यासाठी सर्व मालकांच्या संमतीने सुधारित घोषणापत्र करावे लागेल. तसा अर्ज आला तर तो सर्व फ्लॅटमालकांपुढे ठेवणे एवढेच सचिव म्हणून मी करू शकतो आणि ते मी करीन. तोपर्यंत बिल सध्याच्या टक्क्यानेच भरावे. शंका कळवून, निषेध नोंदवून भरले तरी चालते. न भरल्यास व्याज सुरू होते आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

आपला,
सचिव, व्यवस्थापक मंडळ